होम ट्युशनचा पहिला ट्रायल क्लास: पालकांशी विषय, वेळ आणि फी कशी ठरवायची?

मी पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागात आठवी ते दहावीच्या मुलांना घरी जाऊन गणित शिकवते. नव्याने शिकवण्या घ्यायला लागलेली मुलं-मुली मला फोन करून जे विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवलं आहे. उदाहरणं गणिताची आहेत, कारण मला तेच येतं. रुपयांचे आकडे माझे आहेत. तुमच्या गावात, तुमच्या विषयाला ते वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

पालकांचा पहिला फोन आला की आधी काय विचारायचं?

बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "मॅडम, दहावीच्या गणिताचं किती घेता?" या प्रश्नाला लगेच आकडा सांगू नका. पालक तो आकडा डोक्यात धरून ठेवतात आणि बाकीचं सगळं बोलणं त्याच्याभोवती फिरत राहतं. शिवाय आपल्यालाही काय शिकवायचं आहे हे अजून माहीत नसतं.

मी उलट विचारते: बोर्ड कोणतं? माध्यम कोणतं? सध्या शाळेत कोणता धडा चालू आहे? शेवटच्या चाचणीत किती पडले? मग उत्तरपत्रिकेचा फोटो मागते. हा फोटो फार कामाचा असतो. गुण वीसपैकी नऊ आहेत एवढं कळून काही उपयोग नाही. ते नऊ कुठे मिळाले आणि अकरा कुठे गेले, हे कळलं तर ट्रायलला काय घ्यायचं ते घरीच ठरवता येतं. उत्तरपत्रिका शाळेने परत दिली नसेल तर वहीची शेवटची चार पानं पाठवायला सांगा.

पत्ताही तेव्हाच विचारून घ्या. कर्वे रोडवर संध्याकाळी सहाला आणि दुपारी तीनला लागणारा वेळ यांत फार फरक असतो. मी ट्रायलला येण्याजाण्याचे पैसे लावत नाही, पण घर अर्ध्या तासाच्या पलीकडे असेल तर तिथे महिनोन् महिने जाणं मला झेपेल का, याचा विचार फोन ठेवायच्या आधीच करते.

विषय "गणित" एवढा लिहिला तर पुरत नाही का?

नाही. राज्य मंडळाच्या दहावीला गणिताची दोन पुस्तकं आणि दोन पेपर असतात. भाग १ म्हणजे बीजगणित, भाग २ म्हणजे भूमिती. प्रत्येक पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा, वर २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. भाग १ मध्ये वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता हे धडे येतात. भाग २ मध्ये समरूपता, पायथागोरसचं प्रमेय, वर्तुळ, त्रिकोणमिती. एखाद्या मुलीला बीजगणित छान येतं आणि प्रमेयाची सिद्धता लिहायची म्हटलं की हात थांबतो. दुसऱ्याचं बरोबर उलट असतं. घरात मात्र दोघांबद्दलही वाक्य एकच असतं: "गणित कच्चं आहे."

माध्यमाचा प्रश्न आपल्याकडे खास आहे. मुलगी "मराठी शाळेत" असली तरी सेमीला असू शकते, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. मी एकदा हे न विचारता गेले आणि 'लघुकोन' म्हणत बसले. मुलाला 'ॲक्यूट अँगल' म्हटल्याशिवाय काही कळेना. वीस मिनिटं वाया गेली. तेव्हापासून मेसेजमध्ये 'सेमी' किंवा 'पूर्ण मराठी' असं स्पष्ट लिहिते.

सीबीएसईचं मूल असेल तर दहावीला गणित बेसिक आहे की स्टँडर्ड तेही विचारा. अभ्यासक्रम एकच असतो, पेपरची काठिण्यपातळी वेगळी असते.

म्हणून विषयाची ओळ अशी असावी: कोणती इयत्ता, कोणतं बोर्ड, कोणतं माध्यम, कोणता भाग, आणि ट्रायलसाठी एकच धडा. धडा नक्की केला नाही तर पालकांना वाटतं तासाभरात सगळ्याच शंका सुटतील. मग मूल वहीतल्या सात ठिकाणच्या सात खुणा दाखवतं आणि तुम्ही सातही अर्धवट सोडवून बाहेर पडता.

ट्रायल किती वेळाचा असावा?

साठ मिनिटांचा. आणि तो मिनिटांतच लिहा.

याचं कारण आपल्या भाषेत आहे. 'तास' म्हणजे साठ मिनिटंही आणि 'तास' म्हणजे शाळेतला पिरियडही, जो पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो. "आठवड्याला तीन तास" असं तुम्ही म्हणालात की पालकांना तीन दिवस ऐकू येतं की एकूण तीन तास, हे तुम्हाला कळत नाही. माझ्या पहिल्या वर्षी एका घरी असंच झालं. मी तीन दिवस, दर वेळी एक तास, असं धरून चालले होते. घरच्यांनी "तीन तास, दीड-दीड तासाचे" असं धरलं होतं. दोघांचंही बोलणं प्रामाणिक होतं. महिन्याच्या शेवटी भांडण मात्र झालंच. आता मी लिहिते: आठवड्यातून ३ दिवस, प्रत्येक वेळी ९० मिनिटं.

नेहमीचे क्लास ९० मिनिटांचे असतील तर ट्रायलही तेवढाच ठेवावा, असं काहींचं म्हणणं असतं. मला ते पटत नाही. अनोळखी माणसासमोर बसलेलं मूल पहिल्या दिवशी पन्नास मिनिटांनंतर नुसतं मान हलवायला लागतं. पाचवी-सहावीचं मूल असेल तर पंचेचाळीस मिनिटं पुष्कळ झाली.

साठ मिनिटांतली शेवटची दहा पालकांसाठी राखून ठेवा आणि ती मेसेजमध्येच सांगा. नाहीतर मुलाचे साठ होतात, मग चहा येतो, मग गप्पा सुरू होतात आणि पुढच्या घरी तुम्ही उशिरा पोचता.

ट्रायल फुकट द्यायचा की पैसे घ्यायचे?

पहिली दोन वर्षं मी फुकट देत होते. मग एका घटक चाचणीच्या आठवड्यात एका घरी गेले, समरूपतेचा धडा शिकवला, सगळे खूश. नंतर उत्तर नाही. पुढे त्याच सोसायटीतल्या दुसऱ्या शिकवणीवाल्या बाईंशी बोलताना कळलं की त्यांनीही त्याच आठवड्यात त्याच मुलाला ट्रायल दिला होता, वर्तुळाचा. आणखी कुणीतरी त्रिकोणमितीचा. चाचणीचा पोर्शन फुकटात पूर्ण झाला होता.

राग आला, पण त्या घराला दोष देऊन काय होणार. फुकट आहे असं आम्हीच सांगितलं होतं.

आता मी ट्रायलचे ३०० रुपये घेते आणि क्लास सुरू झाले तर ते पहिल्या फीतून वजा करते. ज्यांना खरंच शिकवणी लावायची आहे त्यांना त्यात काहीच जड वाटत नाही, कारण पैसे वाया जात नाहीत. ज्यांना फक्त एक धडा हवा आहे त्यांनाही हरकत नाही, मला माझ्या तासाचे पैसे मिळतात. फोन थोडे कमी झाले हे खरं आहे, पण जे उरले त्यांच्याकडे बहुतेक वेळा काम सुरू झालं.

तुम्ही अगदी नवीन असाल, ओळखीतून पहिलंच घर मिळत असेल, तर एखाद-दुसरा ट्रायल फुकट द्यायला हरकत नाही. पण तसं करायचं तर मेसेजमध्ये 'ट्रायल विनामूल्य' असं लिहा. काहीच न लिहिण्यापेक्षा ते बरं. काही न लिहिलं की पालक क्लासनंतर पाकीट हातात धरून अवघडतात आणि तुम्ही "राहू द्या, राहू द्या" म्हणता.

पुढची फी कधी सांगायची? ट्रायल आवडल्यावर सांगितली तर बरं नाही का?

आधी सांगा. ट्रायल छान झाल्यावर आकडा सांगितला तर जास्त मिळेल, हा हिशेब एकदोनदा चालतोही. पण मूल "मला याच मॅडम हव्यात" म्हणून बसलं आणि घरच्यांना तो आकडा परवडणारा नसला, तर त्या घरात तुमच्यामुळे रुसवाफुगवी होते. शिवाय "फीचं नंतर बघू" म्हणणारे आपण असतो, नंतर बघताना मात्र घासाघीस पालक करतात.

महिन्याची फी सांगू की एका क्लासची?

दोन्ही नको. मी १२ क्लासची फी सांगते.

महिना ही शिकवणीसाठी सोयीची मोजपट्टी नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस ठरले समजा. फेब्रुवारीच्या २८ दिवसांत बरोबर १२ क्लास होतात. ३० दिवसांच्या महिन्यात १२ किंवा १३. ३१ दिवसांचा महिना सोमवारी किंवा बुधवारी सुरू झाला तर १४. ठरलेल्या मासिक फीत तुम्ही कधी १२ क्लास देता, कधी १४, आणि वर गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या आल्या की "मॅडम, या महिन्यात तर नऊच झाले" हे ऐकावं लागतं. दोघांनाही आपणच फसलो असं वाटतं.

एका क्लासचा दर सांगून रोजचे रोज पैसे घ्यायचे तर वेगळीच अडचण येते. क्लास बुडवणं फार सोपं होतं. कुणाचा वाढदिवस, कुणाकडे पाहुणे, "आज नको मॅडम."

म्हणून माझं गणित असं: ९० मिनिटांचा एक क्लास ४५० रुपये, म्हणजे १२ क्लासचे ५,४०० रुपये, आगाऊ. बारा संपले की पुढचे बारा, मग ते चार आठवड्यांत होवोत की सहा. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलालाच प्रत्येक क्लासचा आकडा मांडायला लावते. ते आठ झाले की नऊ, यावर पुन्हा कधी वाद होत नाही. आणि ट्रायलचे साठ मिनिटांचे ३०० रुपये याच दराने आले आहेत, हवेतून काढलेले नाहीत. कुणी विचारलं तर सांगता येतं.

यूपीआयने पैसे आले तर पालकांना शेऱ्यात 'क्लास १ ते १२' असं लिहायला सांगा. रोख आले तर त्याच दिवशी 'मिळाले' असा मेसेज टाका.

ठरल्यावर मेसेज कसा लिहायचा?

एक खरं उदाहरण देते, ओळख पटेल असं सगळं काढून. मंगळवारी फोन आला. मुलगी दहावी, राज्य मंडळ, सेमी. आईचं म्हणणं, "क्वाड्रॅटिक इक्वेशन्स अजिबात जमत नाहीत." चाचणीत वीसपैकी नऊ. फोनवर शनिवार ठरला. त्याच रात्री मी हे पाठवलं:

> नमस्कार ताई. फोनवर बोललो ते लिहून पाठवते.
>
> विषय: गणित भाग १, दहावी, राज्य मंडळ, सेमी. ट्रायलला 'क्वाड्रॅटिक इक्वेशन्स' हा एकच धडा.
>
> वेळ: शनिवार, संध्याकाळी ५ ते ६. ५० मिनिटं मुलीबरोबर, शेवटची १० मिनिटं तुमच्याशी.
>
> ट्रायलची फी: ३०० रुपये, क्लास झाल्यावर. पुढे सुरू केलं तर हे पहिल्या फीतून वजा होतील.
>
> पुढे सुरू केल्यास: आठवड्यातून ३ दिवस, प्रत्येक वेळी ९० मिनिटं. १२ क्लासचे ५,४०० रुपये, आगाऊ. गणिताचे दोन्ही भाग यात येतात. विज्ञान यात नाही.
>
> चाचणीची उत्तरपत्रिका, पाठ्यपुस्तक आणि एक कोरी वही तयार ठेवा. सोसायटीच्या गेटवर माझं नाव सांगून ठेवा. क्लासच्या वेळी घरी कुणीतरी मोठं असू द्या.
>
> जमत असेल तर 'ठीक आहे' एवढं कळवा.

यातली कोणती ओळ कशासाठी आहे ते बहुतेक वर आलंच. गेटची ओळ किरकोळ वाटेल, पण मोठ्या सोसायटीत वॉचमन फ्लॅटवर फोन लावणार, आई स्वयंपाकघरात, फोन हॉलमध्ये. यात साठातली दहा मिनिटं सहज जातात. मोठ्या माणसाची ओळ दोघांच्याही सुरक्षिततेसाठी आहे. मी पहिल्या भेटीत हॉलमध्ये किंवा जेवणाच्या टेबलावर बसते, दार लावलेल्या खोलीत नाही. आणि निघताना तो पत्ता माझ्या घरी कळवून जाते. कॉलेजात शिकत शिकवण्या घेणाऱ्या मुलींनी तर हे करावंच.

'ठीक आहे' येईपर्यंत ट्रायल पक्का धरू नका. निळ्या खुणा म्हणजे होकार नव्हे.

पालकांना काय म्हणू? काकू, मॅडम, ताई?

तुम्ही विशीत असाल तर काकू-काका चालतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. माझ्या वयाला आता ताई जमतं. मात्र काकू म्हटलं की फी मागताना जीभ अडखळते, असा अनुभव असेल तर मेसेज आधीच गेलेला असणं किती बरं, हे तुमच्या लक्षात येईल. बोलायचं काकूंशी, फीचं काम मेसेजने करायचं. मुलाला मात्र पहिल्या दिवसापासून अरे-तुरे ठीक आहे, ते "अहो मॅडम" म्हणणारच.

त्या साठ मिनिटांत नेमकं काय करायचं?

वरच्याच मुलीचं सांगते. पहिली दहा मिनिटं मी शिकवलं नाही. उत्तरपत्रिका तिच्यापुढे ठेवली आणि "हे कसं केलंस ते मला सांग" म्हटलं. मुलं चुकलेलं उत्तर लपवतात, पण कसं केलं ते विचारलं की सांगतात.

मग एक गणित कोऱ्या वहीत करायला दिलं, अवयव पाडून सोडवायचं:

2x² − 5x − 3 = 0

इथे मधल्या पदाची फोड करायला असे दोन अंक हवेत ज्यांची बेरीज −5 आणि गुणाकार −6 आहे. म्हणजे −6 आणि +1. तिने −2 आणि −3 घेतले. बेरीज बरोबर −5 येते, पण गुणाकार +6 होतो, हे तिने पाहिलंच नाही. पुढे तिला मिळालं 2x(x − 1) − 3(x + 1). दोन कंस जुळेनात. तिथे ती थांबली आणि म्हणाली, "मला क्वाड्रॅटिक येतच नाही."

तिला क्वाड्रॅटिक येत होतं. सूत्र पाठ होतं, पायऱ्याही माहीत होत्या. अडचण होती ती चिन्हांची आणि आठवीतल्या अवयवांच्या धड्याची. आठवीच्या पुस्तकात 'बैजिक राशींचे अवयव' हा धडा आहे, त्यात हेच आहे. खात्री करायला मी तिला x² + 7x + 12 दिलं. झटक्यात आलं, कारण सगळी चिन्हं अधिक. मग x² − x − 12 दिलं आणि पुन्हा तीच गल्लत. म्हणजे रोग सापडला. एवढ्यात वीस मिनिटं झाली होती.

उरलेली तीस मिनिटं फक्त यावर घालवली: शेवटचं पद ऋण असेल तर दोन अंकांची चिन्हं वेगळी, धन असेल तर चिन्हं सारखी. आधी गुणाकाराचं चिन्ह बघायचं, मग बेरजेकडे वळायचं. तिच्या सवयीच्या बरोबर उलटा क्रम. सहा छोटी गणितं केली आणि मग पहिल्यावर परत आलो. या वेळी (2x + 1)(x − 3) आलं, उत्तरं 3 आणि −1/2. मी म्हटलं, आता हे समीकरणात घालून तपास. तिने तपासलं, शून्य आलं, आणि हसली.

धडा पूर्ण झाला नाही. पूर्ण वर्ग करण्याची रीत, सूत्राची रीत, शाब्दिक उदाहरणं, सगळं राहिलं. ट्रायलमध्ये धडा संपवायचा नसतोच. नवीन शिक्षक इथे चुकतात. आपल्याला किती येतंय हे दाखवायच्या नादात सूत्राची सिद्धता करून टाकतात आणि मूल गप्प बसून वहीत उतरवतं. ट्रायल बिघडतोय हे ओळखायची माझी खूण साधी आहे: पेन सलग पाच मिनिटं माझ्या हातात असेल तर काहीतरी चुकतंय.

पालक शेजारीच बसून राहिले तर?

पहिल्या दिवशी बसू द्या. त्यांचा हक्क आहे. फक्त मूल उत्तर देण्याआधी "अगं, हे तर काल सांगितलं होतं" असं सुरू झालं, तर हसून म्हणा, "दहा मिनिटं तुमच्यासाठी ठेवली आहेत, तेव्हा सगळं बोलू." मेसेजमध्ये ते लिहिलेलंच असतं.

शेवटच्या दहा मिनिटांत पालकांना काय सांगायचं?

जे दिसलं ते, उदाहरणासकट. वही उघडून −2 आणि −3 ची ओळ दाखवली आणि म्हटलं, "ताई, दहावीचा धडा तिला कळलाय. आठवीतलं चिन्हांचं राहिलंय. दोन क्लास त्यावर जातील, मग हाच धडा लवकर होईल." मुलीसमोरच बोलते, पाठीमागे नाही. "हुशार आहे पण लक्ष नाही" हे वाक्य मी वापरत नाही. ते प्रत्येक मुलाला लागू पडतं आणि प्रत्येक घरात आधीच बोलून झालेलं असतं.

गुणांची हमी देऊ नका. "ऐंशीच्या वर आणते" म्हणालात की ते वाक्य निकालापर्यंत तुमचा पाठलाग करतं. त्याऐवजी पुढच्या बारा क्लासमध्ये कोणते धडे होतील ते सांगा. हे सांगताना महिना कोणता आहे ते बघा. जूनमध्ये पूर्ण पुस्तक शक्य असतं. नोव्हेंबरमध्ये फोन आला तर प्रीलिम समोर असते आणि बोर्डाचा पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा निवडक धडेच होणार, हे तिथेच बोला.

याच दहा मिनिटांत हमखास येणारा प्रश्न म्हणजे "सायन्सपण त्यातच घ्या ना, दीड तास असतोच." दहावीच्या विज्ञानाचीही दोन पुस्तकं आहेत, दोन पेपर आहेत. दीड तासात दोन विषय म्हणजे दोन्ही अर्धे. मला विज्ञान शिकवता येत नाही, त्यामुळे माझं उत्तर सोपं आहे. तुम्हाला येत असेल तर वेगळे दिवस आणि वेगळी फी सांगा. मेसेजमधली 'विज्ञान यात नाही' ही ओळ तेव्हा कामी येते.

त्या मुलीच्या आईने दुसऱ्या दिवशी होकार कळवला. ३०० आधी मिळाले होते, म्हणून पहिल्या बारा क्लासचे ५,१०० घेतले.

"थोडं कमी करा ना" म्हणाले तर?

दर कमी करू नका, क्लास कमी करा. तीनऐवजी दोन दिवस केले तर चार आठवड्यांत आठ क्लास होतात, म्हणजे ३,६०० रुपये. काय कमी होतंय ते दोघांना दिसतं. दर उतरवला तर त्याच सोसायटीतल्या दुसऱ्या घरात तो आकडा तुमच्या आधी पोचलेला असतो.

खरोखर अडचण असलेलं घर ओळखू येतं. तिथे मी कमी घेतलं आहे आणि घेईन. त्याला सवलत म्हणत नाही आणि कुठे सांगतही नाही.

दोन भावंडं किंवा दोन मैत्रिणी एकत्र बसणार असतील आणि इयत्ता एकच असेल, तर मी दोघांचे मिळून दीडपट घेते. इयत्ता वेगळ्या असतील तर एकत्र ट्रायल देतच नाही. एकाला गणित घालून दुसऱ्याकडे वळायचं, यात ट्रायलला जे बघायचं असतं तेच निसटतं.

मी शाळेत शिक्षक आहे. संध्याकाळी शिकवण्या घेऊ शकतो का?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. पालकांना फी सांगण्याआधी हे डोळ्यासमोर असू द्या.

ऑनलाइन ट्रायल दिला तर काय बदलतं?

वेळ कमी करा, पंचेचाळीस मिनिटं. आणि कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावर नको, वहीवर हवा. फोन पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून खाली वही दिसेल असा लावायला आदल्या दिवशीच सांगा. −2 आणि −3 चेहऱ्यावर दिसत नाहीत.

ट्रायलच्या दिवशी ऐन वेळी रद्द केला तर?

एकदा होऊ शकतं, मूल आजारी पडतं. दुसरी वेळ द्या. दुसऱ्यांदाही तासभर आधी "आज नको" असं आलं तर मी ३०० आधी पाठवायला सांगते आणि मगच तिसरी वेळ देते. तुम्हाला जमणार नसेल तर दुपारी बाराच्या आत कळवा आणि त्याच मेसेजमध्ये दुसरे दोन दिवस सुचवा.

ट्रायल चांगला झाला, पण नंतर काहीच उत्तर नाही. किती वेळा विचारू?

एकदा. तिसऱ्या दिवशी मी लिहिते: "नमस्कार ताई. सोम-बुध-शुक्र ५ ते ६.३० ही वेळ रविवारपर्यंत तुमच्यासाठी ठेवली आहे. नंतर दुसरीकडे देईन." बरेचदा उत्तर शनिवारी रात्री येतं. सोमवारी आलं तर ती वेळ गेलेली असते, मग जी उरली असेल ती सांगते, सध्या मंगळ-गुरू-शनि सकाळी साडेसहाची आहे आणि ती कुणालाच नको असते.